दिवाळीत माल जास्त खपला, मग पैसे कमी का उरले?

विक्री वाढली आणि हाती उरणारी रक्कम मात्र घटली, असं दिसलं की धंदेवाईक माणसाचा पहिला संशय खर्चावर जातो. तेल महागलं असेल, तूप जास्त लागलं असेल, मजुरी वाढली असेल. हे सगळं खरं असू शकतं. पण एकापेक्षा जास्त प्रकारचा माल विकणाऱ्या धंद्यात खर्चाचा एक पैसाही न वाढता नफा घटू शकतो, आणि त्याचं कारण विक्रीच्या आतच दडलेलं असतं. ते शोधण्यासाठी कॉस्ट अकाउंटंट विक्रीतली तफावत तीन भागांत वेगळी करतात: किमतीमुळे किती, एकूण मालाच्या प्रमाणामुळे किती आणि कुठला माल जास्त व कुठला कमी खपला यामुळे किती. या तिसऱ्या भागाला ते सेल्स मिक्स म्हणतात. तिघांत सर्वांत कमी लक्ष त्याच्याकडे जातं, आणि घोळही तिथेच सर्वांत जास्त असतो.

समजण्यासाठी दिवाळीचा फराळ विकणारा एक छोटा उद्योग डोळ्यांसमोर आणू. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण असे आकडे ज्यांच्या वहीत सापडतील असे उद्योग महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात आहेत. माल तीनच प्रकारचा: पातळ पोह्यांचा चिवडा, भाजणीची चकली आणि अनारसे. गणपती उठले की मालक पुढच्या महिन्याचा अंदाज बांधतो.

| माल | अंदाज (किलो) | किलोचा भाव (₹) | किलोमागचा बदलता खर्च (₹) | किलोमागे उरणारे (₹) |
|---|---|---|---|---|
| चिवडा | १,००० | ३२० | २२० | १०० |
| चकली | ६०० | ४८० | ३२० | १६० |
| अनारसे | ४०० | ८०० | ५०० | ३०० |

बदलता खर्च म्हणजे किलोगणिक वाढणारा खर्च: कच्चा माल, तळण, पॅकिंग, किलोवर दिलेली मजुरी. दुकानाचं भाडं आणि कायमच्या माणसांचे पगार त्यात नाहीत, कारण एक किलो जास्त विकल्याने ते हलत नाहीत. शेवटच्या रकान्यातल्या रकमेला हिशोबनीस काँट्रिब्युशन म्हणतात. आपण तिला किलोमागची शिल्लक म्हणू. भाडं, पगार आणि मालकाचा नफा हे सगळं तिच्यातूनच निघायचं असतं. या अंदाजाप्रमाणे एकूण २,००० किलो माल, ९,२८,००० रुपयांची विक्री आणि ३,१६,००० रुपयांची शिल्लक. म्हणजे सरासरीने किलोमागे १५८ रुपये. हा १५८ चा आकडा पुढे फार कामाला येणार आहे.

दिवाळी होते. चिवडा १,५०० किलो गेला, पण शेजारच्या दुकानाने भाव पाडल्यामुळे तो ३०० रुपयांनी विकावा लागला. चकली ठरल्याप्रमाणे ६०० किलोच गेली, भाव मात्र ४९० मिळाला. अनारसे ३०० किलो गेले, भाव ठरलेलाच, ८००. एकूण २,४०० किलो माल आणि ९,८४,००० रुपयांची विक्री. अंदाजापेक्षा ५६,००० रुपये जास्त. माल तर २० टक्क्यांनी जास्त गेला. आणि शिल्लक? ३,१२,०००. अंदाजापेक्षा ४,००० रुपये कमी.

ही शिल्लक काढताना किलोमागचा खर्च अंदाजातलाच धरला आहे, प्रत्यक्ष झालेला नाही. हे जाणूनबुजून केलं आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, सणांच्या तोंडावर, केंद्र सरकारने खाद्यतेलांवरचं आयात शुल्क वाढवलं आणि कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरचा एकूण बोजा ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेला. अशा वर्षी तळणाचा खर्च वाढला तर तो भटारखान्याच्या आणि खरेदीच्या हिशोबात दिसला पाहिजे. तो विक्रीच्या हिशोबात मिसळला, तर काउंटरवरच्या माणसाकडे तेलबाजाराचा जाब मागितल्यासारखं होतं. म्हणून विक्रीच्या तफावतीत खर्च गोठवायचा आणि फक्त विक्रीने काय बदललं तेवढंच पाहायचं.

आता त्या ४,००० रुपयांची उकल करू.

किमतीचा भाग सर्वांत सोपा आहे. चिवड्यात किलोमागे २० रुपये कमी आले आणि माल प्रत्यक्षात १,५०० किलो गेला, म्हणून ३०,००० रुपयांचा तोटा. चकलीत १० रुपये जास्त मिळाले, ६०० किलोवर ६,००० चा फायदा. अनारशात काही फरक नाही. एकूण किमतीची तफावत २४,००० रुपये प्रतिकूल. इथे प्रत्यक्ष विकलेले किलो घ्यायचे, अंदाजातले नाहीत, कारण सूट जो जो किलो गेला त्या प्रत्येकावर द्यावी लागली आहे.

हा भाग सोपा असला तरी त्यातही पाय घसरतो, आणि २०२५ च्या दिवाळीत तो सहज घसरला असता. त्या वर्षी २२ सप्टेंबरपासून पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. अंदाज त्याआधी बांधलेला असेल, तर ३२० रुपयांचा चिवडा गिऱ्हाइकाला करासह ३५८ रुपये ४० पैशांना पडणार होता. दिवाळीत ३०० रुपयांवर ५ टक्के कर धरून तो ३१५ ला पडला. बिलावरचे आकडे समोरासमोर ठेवले तर किलोमागे ४३ रुपये ४० पैसे गेले असं दिसतं. खरं तर मालकाचे गेले २०च. बाकीचे कराचे होते, ते त्याचे कधीच नव्हते. किमतीची तफावत काढताना भाव करावेगळा आणि सूट वजा करूनच घ्यायचा. किलोवर शंभर ग्रॅम फुकट अशी योजना असेल, तर तीही भावातलीच सूट आहे. ती न मोजल्यास भाव टिकून राहिल्यासारखा दिसतो आणि फुकट गेलेला माल भटारखान्याच्या नासाडीत जमा होतो.

किंमत बाजूला ठेवली की उरतो प्रमाणाचा भाग. चिवडा ५०० किलो जास्त गेला. ठरलेल्या १०० रुपये शिल्लकीने ५०,००० चा फायदा. चकली जेवढ्यास तेवढी. अनारसे १०० किलो कमी, ३०० रुपयांप्रमाणे ३०,००० चा तोटा. निव्वळ २०,००० रुपये अनुकूल. किमतीचे उणे २४,००० आणि प्रमाणाचे अधिक २०,००० मिळून उणे ४,०००. बेरीज जुळली.

बरेच हिशोब इथे थांबतात. काही तर याच्याही अलीकडे थांबतात आणि शिल्लकीऐवजी विक्रीच्या रुपयांत प्रमाण मोजतात. तसं मोजलं तर ५०० किलो चिवड्याचे १,६०,००० वाढले, १०० किलो अनारशांचे ८०,००० गेले, म्हणजे ८०,००० चा फायदा झाला असं चित्र उभं राहतं. पण त्या ८०,००० पैकी धंद्यात राहिले २०,०००. उरलेले ६०,००० पोहे, तेल, शेंगदाणे आणि पिशव्या यांत गेले. उलाढालीवरून विक्रेत्याची पाठ थोपटणाऱ्या मालकाने हा फरक एकदा तरी स्वतः मांडून पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

तरीही २०,००० या आकड्यात एक मोठी गोष्ट झाकलेली आहे. माल ४०० किलो जास्त गेला होता. पहिल्या अंदाजाच्या प्रमाणातच तो गेला असता, म्हणजे निम्मा चिवडा, तीस टक्के चकली आणि वीस टक्के अनारसे, तर प्रत्येक जादा किलोमागे १५८ रुपये आले असते. ४०० गुणिले १५८, म्हणजे ६३,२०० रुपये. निव्वळ माल वाढल्याचा फायदा एवढा होता. आले मात्र २०,०००. मधले ४३,२०० रुपये मालाच्या प्रकारांचं प्रमाण बदलल्यामुळे गेले. हीच मिक्सची तफावत, आणि किमतीत गेलेल्या २४,००० च्या ती जवळजवळ दुप्पट आहे. सगळी चर्चा शेजाऱ्याने पाडलेल्या भावाची होते, आणि मोठी रक्कम दुसऱ्याच वाटेने गेलेली असते.

हा ४३,२०० चा आकडा दुसऱ्या बाजूनेही पडताळता येतो. प्रत्यक्ष विकलेला माल ठरलेल्या शिल्लकीने मोजला तर चिवड्याचे १,५०,०००, चकलीचे ९६,००० आणि अनारशांचे ९०,००० होतात. एकूण ३,३६,०००. त्याला २,४०० ने भागलं की किलोमागे १४० रुपये. सरासरी शिल्लक १५८ वरून १४० वर आली, म्हणजे किलोला १८ रुपये घटली. १८ गुणिले २,४०० बरोबर ४३,२००. बाकी काही करायला वेळ नसेल तर महिन्याला एवढी एक सरासरी काढली तरी मिक्स कुठे झुकतंय ते कळतं. किमती न हलता ती खाली येत असेल, तर हलका माल जड मालाची जागा घेतोय.

मिक्स मालागणिक मांडायचं झालं तर रीत अशी. एकूण २,४०० किलो जुन्या प्रमाणात वाटायचे: १,२०० चिवडा, ७२० चकली, ४८० अनारसे. मग प्रत्यक्षाशी ताडायचं. चिवडा ३०० किलो जास्त, चकली १२० किलो कमी, अनारसे १८० किलो कमी. आपापल्या शिल्लकीने गुणल्यावर चिवड्याचे अधिक ३०,०००, चकलीचे उणे १९,२००, अनारशांचे उणे ५४,०००. एकूण उणे ४३,२००.

इथे चकली विकणारा माणूस तक्रार करेल, आणि ती रास्त आहे. त्याने ठरलेले ६०० किलो चोख विकले, वर १० रुपये भाव जास्त मिळवला, आणि कागदावर त्याच्या नावाने १९,२०० रुपये प्रतिकूल! कारण एवढंच की बाकीचा माल वाढला आणि एकूणात चकलीचा वाटा ३० वरून २५ टक्क्यांवर आला. याच चकलीच्या नावावर प्रमाणाच्या वाढीत बरोबर १९,२०० अनुकूल लिहिलेले असतात, आणि दोन्ही मिळून शून्य होतं. म्हणूनच मिक्सचा आकडा एकेका मालाच्या प्रमुखाला धरून विचारू नये. तो सगळ्या दुकानाचा आकडा आहे.

पाठ्यपुस्तकांत एक दुसरी रीतही दिलेली असते. तीत प्रत्येक मालाची शिल्लक १५८ च्या सरासरीशी ताडून पाहतात. मग ३०० किलो जास्त गेलेला चिवडा अनुकूल न राहता प्रतिकूल होतो, कारण तो सरासरीपेक्षा किलोमागे ५८ रुपये हलका आहे: उणे १७,४००. चकली सरासरीच्या अगदी जवळ असल्याने तिचे उणे २४० इतकेच. अनारशांचे उणे २५,५६०. बेरीज पुन्हा तीच, ४३,२००. मला ही रीत जास्त खरी वाटते. हलका माल वाढला म्हणून सरासरी उतरली, ही गोष्ट ती लपवत नाही, आणि चकलीवाल्यावरचा अन्यायही जवळपास पुसते. दोन अहवाल वेगवेगळ्या रीतींनी केलेले असतील, तर एकूण आकडे ताडावेत, मालागणिक आकडे ताडू नयेत.

आकडे वेगळे झाले, पण ते परस्परांपासून वेगळे जगत नाहीत. चिवड्याचा भाव उतरला म्हणूनच तो दीडपट खपला असणार. तिथे ३०,००० चा किमतीचा तोटा आणि ५०,००० चा प्रमाणाचा फायदा हे एकाच निर्णयाचे दोन भाग आहेत, आणि त्यांची वजाबाकी २०,००० रुपये बाजूने आहे. भाव पाडण्याचा निर्णय चुकला असं फक्त चिवड्याकडे पाहून म्हणता येणार नाही. स्वस्त चिवड्याने अनारशांचं गिऱ्हाईक ओढलं का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तफावतीच्या कागदावर नाही. ते रोजच्या विक्रीच्या नोंदीत आहे.

अनारसा सवडीचा पदार्थ आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत कोरडे करून कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं, मग खसखशीवर थापून मंद तुपात एकाच बाजूने तळायचं. पीठ बिघडलं तर अनारसा तुपात हसतो आणि विरघळून जातो. ऐनवेळी मागणी आली म्हणून दुपारी ठरवून संध्याकाळी तो करता येत नाही. म्हणून आधी तारखा पाहाव्यात. वसुबारसेलाच अनारसे संपले आणि नंतरही लोक विचारत राहिले, तर कमतरता विक्रीची नाही, पिठाच्या नियोजनाची आहे. परत पाठवलेल्या गिऱ्हाइकांची साधी नोंद वहीत असेल तर हे दोन मिनिटांत कळतं. बहुतेक ठिकाणी ती नसते, कारण न झालेल्या विक्रीचं बिल फाटत नाही. उलट भाऊबीजेनंतरही अनारशांचे डबे शिल्लक असतील, तर भाव, चव किंवा विक्रेत्याचा कल तपासावा लागेल. विक्रेत्याला कुठल्याही मालावर किलोमागे सारखंच कमिशन असेल, तर त्याने हातोहात जाणारा चिवडाच पुढे केला यात नवल नाही. त्याला दोन्हींत सारखेच मिळतात. मालकाला मात्र एकात १०० आणि दुसऱ्यात ३०० उरतात.

हे सगळं मोजताना आपण एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे: किलो हे माप तिन्ही मालांना सारखंच लागू पडतं. मिक्स काढायला बेरीज करता येईल असं एक माप लागतं. याच दुकानाने उटणं आणि पणत्याही ठेवल्या, तर चिवड्याच्या किलोत पणत्यांचे डझन मिळवून काढलेलं मिक्स निरर्थक आहे. तिथे फक्त प्रमाणाच्या तफावतीपाशी थांबावं. एकाच्या ऐवजी दुसरा घेतला जाऊ शकतो, अशाच मालांत मिक्सला अर्थ असतो.

फराळाच्या बाबतीतही किलो हेच योग्य माप आहे का? दिवाळीच्या आधी अनेक ठिकाणी गिऱ्हाइकं कमी पडत नाहीत, करणारे हात कमी पडतात. समजा एका माणसाच्या एका तासात ८ किलो चिवडा, ३ किलो चकली किंवा २ किलो अनारसे तयार होतात. मग तासामागची शिल्लक चिवड्यात ८००, चकलीत ४८० आणि अनारशात ६०० रुपये. किलोच्या मापात सर्वांत हलका ठरलेला चिवडा तासाच्या मापात सर्वांत जड ठरला! २० रुपये सूट दिल्यावरही तो तासाला ६४० रुपये देतो.

आता तोच हिशोब तासांत मांडू. अंदाजातल्या मालाला ५२५ तास लागणार होते, म्हणजे तासाला सरासरी सुमारे ६०२ रुपये. प्रत्यक्ष मालाला ५३७.५ तास लागतात आणि ठरलेल्या शिल्लकीने तासाला सुमारे ६२५ रुपये येतात. त्यामुळे मिक्सची तफावत सुमारे १२,५०० रुपये अनुकूल, आणि साडेबारा तास जास्त लागल्याची प्रमाणाची तफावत सुमारे ७,५०० अनुकूल. दोन्ही मिळून तेच २०,०००. एकूण बदललं नाही, पण किलोच्या मापात जे मिक्स ४३,२०० रुपयांचं नुकसान होतं, ते तासाच्या मापात फायद्याचं झालं.

कुठलं माप खरं मानायचं, हे त्या दिवाळीत आधी काय संपलं यावर ठरतं. हात रिकामे होते आणि अनारसे डब्यांत पडून राहिले, तर अडचण गिऱ्हाइकांची होती, किलोचा हिशोब बरोबर आहे आणि ४३,२०० रुपये खरोखर गेले. वसुबारसेपासून रात्री बारापर्यंत कढया चालू होत्या आणि तरी लोक परत जात होते, तर तासाचा हिशोब धरावा. मग पुढच्या दिवाळीसाठी अनारसे आणखी कमी घ्यायचे, की पीठ आठवडाभर आधी मुरवायला घेऊन आणि थापणाऱ्या दोन बायका वाढवून तासांचीच अडचण दूर करायची, हे त्या बायकांची जादा मजुरी अंदाजात मांडूनच ठरवता येईल.